उक्त्या कामाचे तास

उक्ते काम घेणाऱ्याला मोबदला कामाचा मिळतो, वेळेचा नाही. एखाद्या फ्रीलान्सरने ७० हजार रुपयांत वेबसाइट करून द्यायचे कबूल केले, की ते काम ८० तासांत उरकले की १२० तासांत, याच्याशी ग्राहकाचा संबंध राहत नाही. जास्तीचे ४० तास करणाऱ्याच्या अंगावर पडतात. तासाच्या हिशेबाने पैसे घेणाऱ्याचा अंदाज चुकला तर ग्राहक फार तर कुरकुरतो. उक्त्या कामात मात्र चुकलेला अंदाज म्हणजेच तोटा. त्यामुळे कोटेशनमधल्या रकमेआधी ठरवायची गोष्ट म्हणजे तास, आणि तास ठरवताना किती राखीव धरायचे, हा त्यातला खरा अवघड भाग.

अंदाज जवळजवळ नेहमी एकाच बाजूला चुकतो: कमी. डॅनिएल काहनमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या कलाकडे लक्ष वेधले. १९९४ मध्ये रॉजर ब्युलर आणि सहकाऱ्यांनी प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना विचारले, की प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर सुमारे ३४ दिवसांचे आले. ‘सगळे बिनसले तर किती?’ या प्रश्नाचे सरासरी उत्तर सुमारे ४९ दिवस होते. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवसांहून अधिक लागले. म्हणजे वाईटात वाईट म्हणून धरलेला आकडाही अपुरा पडला. माणूस अंदाज करताना काम डोळ्यांपुढे आणतो, आणि डोळ्यांपुढे येते ते अडथळे नसलेले काम. फोनवर ‘साधारण किती होतील?’ असे विचारल्यावर पटकन सांगितलेला आकडा असाच असतो. त्यात वेबसाइटची पाने असतात; त्या पानांसाठी ग्राहकाकडे मजकूर मागून मागून थकण्याचे तास नसतात.

रत्नागिरीतील एका हापूस बागायतदाराचे उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातल्या अडचणी रोजच्या आहेत. त्याला दलालाला वगळून पेट्या थेट ग्राहकाला विकायच्या आहेत. त्यासाठी मराठी आणि इंग्रजीत वेबसाइट हवी; तिच्यावर ऑर्डर नोंदवता यावी, यूपीआय आणि कार्डाने पैसे भरता यावेत, आणि पिनकोडप्रमाणे कुरिअरचा खर्च आपोआप धरला जावा. काम पुण्यातील एका वेब डेव्हलपरकडे आले आहे. वर्डप्रेस आणि वूकॉमर्स वापरून ती अशा साइट करते. तिने फोनवरच उत्तर दिले असते तर ते ‘साठेक तास’ असे असते.

त्याऐवजी ती कामाचे तुकडे करते. तुकडा इतका लहान हवा, की त्याचे तास पूर्वीच्या अनुभवाशी ताडून पाहता यावेत. ‘ऑनलाइन दुकान: ३० तास’ या नोंदीला काही अर्थ नाही, कारण तिच्यात काय येते आणि काय येत नाही हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. तुकडे पाडण्याचा मोठा फायदा असा, की विसरलेली कामे वर येतात. फोन, निरोप आणि पाठपुरावा हे काम आहे, आणि ते याच प्रकल्पाचे आहे. ग्राहकाला पॅनेल वापरायला शिकवणे हेही काम आहे.

मग प्रत्येक तुकड्यासाठी ती एक नव्हे, तीन आकडे लिहिते: सगळे सुरळीत झाले तर, नेहमीसारखे झाले तर, आणि रखडले तर. ही रीत १९५८ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी तयार झालेल्या ‘पर्ट’ पद्धतीतून आली आहे. तीन आकड्यांवरून एक हिशेबी आकडा काढायचा तो असा: सुरळीत, अधिक नेहमीच्या आकड्याची चौपट, अधिक रखडल्यास, या बेरजेला ६ ने भागायचे. बागायतदाराच्या कामाचा तक्ता तिच्याकडे असा तयार होतो.

| काम | सुरळीत | नेहमीचे | रखडल्यास | हिशेबी |
|---|---|---|---|---|
| गरजा समजून घेणे, पानांचा आराखडा | ३ | ५ | १० | ५.५ |
| डिझाइन, दोन फेऱ्या दुरुस्त्यांसह | ८ | १२ | २२ | १३ |
| डोमेन, होस्टिंग, वर्डप्रेसची मांडणी | २ | ३ | ७ | ३.५ |
| पाने बांधणे, मोबाइलवर नीट बसवणे | १० | १४ | २४ | १५ |
| दुकान, पेट्यांचे प्रकार, पिनकोडप्रमाणे कुरिअर | ८ | १२ | २८ | १४ |
| पैसे भरण्याची सोय जोडणे | ३ | ५ | १९ | ७ |
| मजकूर आणि फोटो चढवणे | ६ | १० | २६ | १२ |
| तपासणी, साइट सुरू करणे, शिकवणे | ५ | ८ | १७ | ९ |
| फोन, निरोप, पाठपुरावा | ४ | ८ | १८ | ९ |
| एकूण (तास) | ४९ | ७७ | १७१ | ८८ |

या तक्त्यात ‘रखडल्यास’चा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कल्पनेने भरायचा नसतो. तो मागच्या कामांच्या नोंदींवरून भरायचा असतो. मजकुराच्या ओळीतले २६ तास कुठून आले? एका जुन्या कामात ग्राहकाने मराठी मजकूर छापखान्यातून आणलेल्या फाइलमध्ये दिला. तो युनिकोडमध्ये नव्हता, जुन्या डीटीपी फाँटमध्ये होता. कन्व्हर्टरमधून काढल्यावर जोडाक्षरे आणि रफार ठिकठिकाणी तुटले आणि प्रत्येक पान वाचून दुरुस्त करावे लागले. फोटो व्हॉट्सअॅपवरून आले, त्यामुळे ते लहान होऊन पोचले आणि पहिल्या पानावर मोठे करताच फुटले. ते पुन्हा मागवावे लागले. पैसे भरण्याच्या सोयीचे १९ तासही असेच. जोडणी स्वतः चार-पाच तासांची. पण पेमेंट गेटवे चालवणारी कंपनी खाते सुरू करण्याआधी पॅन, बँक खाते आणि व्यवसायाची कागदपत्रे तपासते, आणि साइटवर परताव्याचे धोरण, गोपनीयतेचे धोरण, अटी आणि संपर्काचा पत्ता यांची पाने आहेत का ते पाहते. आंबा वाटेत पिकून खराब झाला तर पैसे परत मिळणार की नाही, हे बागायतदाराने ठरवलेलेच नसते. ते ठरेपर्यंत पान लिहिता येत नाही, आणि पान नसेल तर अर्ज परत येतो.

आता बेरजा पाहू. नेहमीच्या आकड्यांची बेरीज ७७ आणि हिशेबी आकड्यांची ८८. या दोहोंतला ११ तासांचा फरक म्हणजे राखीव वेळ असे समजण्याची चूक बरेचजण करतात. कामे लवकर संपायला थोडीच जागा असते, रखडायला मात्र पुष्कळ. पाच तासांचे काम फार तर तीन तासांत होईल, पण बिनसले तर १९ तासांपर्यंत जाईल. त्यामुळे सरासरी नेहमीच्या आकड्याच्या वर बसते. ८८ हा तो सरासरीचा आकडा. अशी पुष्कळ कामे घेतली तर त्यांतली जवळपास निम्मी ८८ तासांच्या पलीकडे जातील. ७७ वर कोटेशन देणे म्हणजे पहिल्या दिवसापासून तोट्यात असणे. ८८ वर देणे म्हणजे नाणेफेक. राखीव वेळ त्यानंतर सुरू होतो.

तो किती धरावा, यासाठी पाठ्यपुस्तकी रीत अशी: प्रत्येक ओळीत ‘रखडल्यास’मधून ‘सुरळीत’ वजा करून ६ ने भागायचे, त्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. वरच्या तक्त्यात ते सुमारे ७ तास येते. म्हणजे ८८ अधिक ७, असे ९५ तास धरले की साधारण सहापैकी पाच वेळा काम त्यात बसावे. आकडा हवाहवासा आहे, आणि फसवा आहे. या गणितामागे गृहीतक असे, की ओळी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. एक काम लांबले तर दुसरे लवकर संपून भरपाई करील. फ्रीलान्स कामात तसे होत नाही, कारण नऊही ओळींच्या मागे एकच ग्राहक उभा असतो. जो बागायतदार डिझाइनला मान्यता द्यायला आठ दिवस लावतो, तोच मजकूर उशिरा देतो, तोच परताव्याचे धोरण ठरवत नाही, आणि पाठपुराव्याचे तासही त्याच्याचमुळे वाढतात. सगळ्या ओळी एकदमच लांबतात असे धरले, तर वर्गमूळ न काढता ते फरक सरळ बेरजेला घ्यावे लागतात. १७१ मधून ४९ गेले १२२. त्याला ६ ने भागले की सुमारे २० तास.

खरे उत्तर ७ आणि २० यांच्यामध्ये कुठेतरी असते. ग्राहक जुना असेल, वेळेवर उत्तर देणारा असेल, तर ७ कडे झुकावे. ग्राहक नवा असेल तर २० धरणे शहाणपणाचे. येथे बागायतदाराचे हे पहिलेच ऑनलाइन दुकान आहे, म्हणून डेव्हलपर २० धरते. ८८ अधिक २०, एकूण १०८ तास. सरासरीवर हा राखीव वेळ २३ टक्क्यांच्या आसपास जातो. व्यवसायात ‘वीस-तीस टक्के वर धरा’ असे जे ऐकू येते ते अशा जागी ठीक बसते. मात्र हे टक्के तुकडे पाडून काढलेल्या सरासरीवर चढवायचे असतात. फोनवरच्या साठ तासांवर तीस टक्के चढवले तर ७८ होतात, आणि ते सरासरीपर्यंतही पोचत नाहीत. उलट १७१ तासांचे कोटेशन दिले तर तोट्याची भीती उरत नाही, कारण कामच मिळत नाही.

राखीव तास वाढवण्यापेक्षा अनिश्चितता कमी करणे स्वस्त पडते. कोटेशनआधी बागायतदाराकडून मजकुराचे एक पान आणि दोन फोटो मागवले, तर अर्ध्या तासात कळते की मजकूर युनिकोडमध्ये आहे की नाही. असला, तर त्या ओळीचे आकडे ६, ८ आणि १२ होतात. हिशेबी आकडा १२ वरून सव्वाआठवर येतो, राखीव वेळही दोनेक तासांनी घटतो, आणि एकूण अंदाज सहा तासांनी खाली येतो. ज्या ओळीत ‘रखडल्यास’ हा नेहमीच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त आहे, तिथे असा एखादा प्रश्न विचारायचा राहिला आहे असे समजावे. पैसे भरण्याच्या ओळीत तसे आहे. गेटवेचे खाते काढणे आणि कागदपत्रे देणे ही ग्राहकाची जबाबदारी असे कोटेशनमध्ये लिहिले, की तिथली मोठी जोखीम निघून जाते. काही ओळी प्रश्न विचारूनही मोकळ्याच राहतात, उदाहरणार्थ जुन्या, दुसऱ्याने बांधलेल्या साइटची दुरुस्ती. अशा कामाचे आधी पाच-सहा तासांचे निदान वेगळे पैसे घेऊन करावे आणि त्यानंतरच उक्ती रक्कम सांगावी.

तासांना आता दर लावायचा. डेव्हलपरला घरखर्च, कर आणि बचतीसाठी महिन्याला ६० हजार रुपये हवेत, म्हणजे वर्षाला ७ लाख २० हजार. लॅपटॉपची झीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे परवाने, वीज आणि सीएची फी मिळून वर्षाला १ लाख ६० हजार जातात. एकूण ८ लाख ८० हजार. सणवार, आजारपण आणि सुट्ट्या सोडून वर्षात ४६ आठवडे धरले, आठवड्याला ४० तास, तर १८४० तास होतात. पण यातले सगळे तास विकले जात नाहीत. नवे काम मिळवणे, कोटेशन तयार करणे, बिलांचा आणि वसुलीचा पाठपुरावा, नवे शिकणे यांत चाळीस टक्के वेळ जातो. उरतात सुमारे ११०० तास. ८ लाख ८० हजारांना ११०० ने भागले की तासाला ८०० रुपये येतात. नोकरीतला पगार महिन्याच्या तासांनी भागून दर काढणारे इथेच फसतात; त्यांचा दर खरोखर लागणाऱ्या दराच्या बराच खाली निघतो.

१०८ गुणिले ८००, म्हणजे ८६,४०० रुपये. डोमेन आणि होस्टिंगचे पैसे ग्राहकाने आपल्या नावावर थेट भरावेत, ते या रकमेत धरू नयेत. फोनवरच्या साठ तासांचे ४८ हजार झाले असते. काम प्रत्यक्षात १०८ तास चालले असते तर तासाला ४४४ रुपये पडले असते, आणि त्यातला खर्च वजा केल्यावर घरखर्चही भागला नसता.

कोटेशनमध्ये राखीव तासांची वेगळी ओळ लिहू नये. ती दिसली की घासाघीस तिथूनच सुरू होते. ग्राहकाला कामाचे टप्पे आणि एकूण रक्कम द्यावी. बागायतदार ‘सत्तर हजारांत बसवा’ म्हणाला, तर रक्कम आणि काम दोन्ही एकत्र खाली आणावीत. पिनकोडप्रमाणे कुरिअर काढून प्रत्येक पेटीला एकच ठरावीक दर ठेवता येईल, इंग्रजी आवृत्ती पुढच्या हंगामाला ठेवता येईल. काम तेच ठेवून नुसती रक्कम कमी केली, तर कापला जातो तो राखीव वेळच. रखडण्याची शक्यता मात्र जागेवरच राहते.

राखीव वेळ कशासाठी आहे, हेही कोटेशनच्या मजकुरातूनच ठरते. तो कबूल केलेल्या कामातल्या अनिश्चिततेसाठी असतो, नव्या मागण्यांसाठी नाही. ‘आंब्याबरोबर काजू आणि कोकमही विकायला ठेवू’ ही मागणी वीस तासांतून भागवली, तर खरा अडथळा येईल तेव्हा हाताशी काही उरत नाही. म्हणून पानांची संख्या, उत्पादनांची संख्या, डिझाइनच्या दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, मजकूर कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या रूपात मिळेल, आणि या बाहेरचे काम तासाला किती दराने होईल, हे लिहून द्यावे. यात समाविष्ट नसलेल्या गोष्टींची यादी तर अवश्य द्यावी. फोटो काढणे, भाषांतर करणे, समाजमाध्यमांवरची जाहिरात ही कामे वेबसाइटमध्ये येतातच असे अनेकांना मनापासून वाटत असते.

तास आणि तारीख या वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याचे विकले जाणारे तास २४ असतील आणि दुसरे एक काम सोबत चालू असेल, तर या कामाला १२ तास मिळतात. १०८ तास म्हणजे नऊ आठवडे. आंब्याच्या ऑर्डरी मार्चपासून घ्यायच्या असतील तर काम डिसेंबरच्या अखेरीस सुरू व्हायला हवे, आणि गेटवेच्या तपासणीचा अर्ज शेवटी न ठेवता सुरुवातीच्याच आठवड्यांत करायला हवा. मे महिन्यात तयार झालेली साइट बागायतदाराच्या काहीच उपयोगाची नाही.

काम सुरू झाल्यावर राखीव वीस तास नऊ ओळींत वाटून टाकू नयेत. प्रत्येक ओळीला दोन-दोन तास जोडले की ते त्या-त्या ओळीत खपून जातात, गरज असो वा नसो. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या ‘क्रिटिकल चेन’ पद्धतीचा मुख्य आग्रह हाच आहे, की राखीव वेळ शेवटी एकत्र ठेवावा आणि तो किती खर्च झाला यावर नजर ठेवावी. समजा, २२ हिशेबी तासांची कामे पूर्ण झाली, म्हणजे पाव काम झाले, आणि नोंदवहीत मात्र ३२ तास लागले आहेत. वीसपैकी दहा राखीव तास गेले. पाव कामात अर्धा राखीव वेळ संपला, आणि हाच वेग राहिला तर पूर्ण कामाला सुमारे १२८ तास लागतील. या टप्प्यावर अजून काही करता येते. तास कुठे गेले ते नोंदवहीत पाहायचे. डिझाइनची तिसरी फेरी झाली असेल, तर कोटेशनमधली अट दाखवून पुढच्या फेरीचे वेगळे पैसे सांगायचे. स्वतःचाच अंदाज चुकला असेल, तर कुरिअरच्या गणितासाठी स्वतः कोड लिहिण्याऐवजी तयार प्लगइन घ्यायचे, किंवा तारीख पुढे ढकलण्याबद्दल ग्राहकाशी आताच बोलायचे. ऐंशी टक्के काम झाल्यावर हे लक्षात आले तर यातले फारसे काही हातात राहत नाही.

नोंद रोज करावी लागते, आणि ओळीवार करावी लागते. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेले तास पुन्हा अंदाजच असतात. समजा, काम १०१ तासांत संपले. तासाला ८५५ रुपये पडले, राखीव वीसपैकी तेरा गेले. ओळीवार पाहता पाने १४ तासांत झाली, दुकानाला २३ लागले, पैसे भरण्याच्या सोयीला ६. दुकानाच्या ओळीत कुरिअर कंपनीच्या दरांच्या तक्त्यात पिनकोड चुकीचे निघाले आणि ते हाताने तपासावे लागले, असा शेराही तिथेच लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी काजूविक्रेत्याचे असेच काम आले, की दुकानाच्या ओळीत नेहमीचे १२ न राहता १५ होतील, आणि कोटेशनआधी विचारायच्या प्रश्नांत कुरिअरचा तक्ता मागवणे हा एक प्रश्न वाढेल.